शिसे फक्त कन्व्हर्टरसाठी काढले का?

«पेट्रोलमधले शिसे काढले ते गाड्यांच्या कन्व्हर्टरसाठी, मुलांच्या आरोग्याशी त्याचा काय संबंध?»

कन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या धुरातील विषारी वायू कमी करणारे उपकरण, हे एक कारण होतेच. शिशाचा थर बसला की त्यातील प्लॅटिनम निकामी होते, म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आधी आले. नागपूरसह उर्वरित देशात पूर्ण बदल व्हायला २००० साल उजाडले. परंतु इंजिनातील 'नॉकिंग', म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी खडखड, रोखण्यासाठी मिसळलेले टेट्राइथाइल लेड जळाल्यावर शिसे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात धुरावाटे बाहेर पडे आणि नागपुरातील सीताबर्डीसारख्या वर्दळीच्या रस्त्यांलगतच्या धुळीत साचे. लहान मूल ती धूळ हातावाटे तोंडात घालते, आणि गिळलेल्या शिशापैकी प्रौढाच्या कितीतरी पट हिस्सा त्याच्या रक्तात शोषला जातो, तोही मेंदूची जडणघडण चालू असताना. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान पेट्रोलमधील शिशाचा वापर घटत गेला, तसे लोकांच्या रक्तातील सरासरी प्रमाणही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. हा संबंध मला तरी पुरेसा बोलका वाटतो. मात्र शिसे कुजत नाही की विरत नाही, त्यामुळे हवा सुधारली तरी जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते उरतेच, आणि मुलाच्या शरीरात किती गेले हे लक्षणांवरून नव्हे, रक्ततपासणीतूनच कळते.