पाव किलो लसूण आणि एक सुशिक्षित गृहस्थ

स्वयंपाकात मदत करण्याची इच्छा घरातील पुरुषाने बोलून दाखवली की त्याच्यापुढे लसणाचे गड्डेच का ठेवले जातात, याचे उत्तर उघड आहे: तो पुन्हा विचारू नये. कांदा निदान रडवून मोकळा करतो. लसणाची साल मात्र आधी पाकळीला चिकटते, मग बोटाला, आणि झटकल्यावर पंख्याच्या वाऱ्याने थेट देवघरापर्यंत जाते. आमच्याकडे आलं-लसणाची पेस्ट घरीच करण्याचा नियम असल्याने पाव किलो लसूण आणि दीडशे ग्रॅम आलं हे माझ्या वाट्याला ठरलेलेच आहे.

लसूण चटकन सोलण्याचे उपाय प्रत्येकाजवळ असतात आणि ते सगळे खरेही असतात. फक्त कोणत्या लसणासाठी, एवढे कोणी सांगत नाही. जुना, खडखडीत वाळलेला लसूण असेल तर पाकळ्या सुट्या करून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालाव्यात आणि अर्धा मिनिट जीव खाऊन डबा हलवावा. निम्म्याहून अधिक साली आपोआप सुटतात आणि शेजारचे लोक काय पडले म्हणून विचारायला येतात. ताज्या, ओलसर लसणापुढे मात्र हा पराक्रम व्यर्थ आहे, कारण त्याची साल पाकळीशी घट्ट असते. तो दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, बुडखा कापून चोळावा लागतो. त्यानंतर पाकळ्या फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या करणे हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पेस्ट लवकर नासते ती बहुधा या राहिलेल्या पाण्याने.

आल्याच्या बाबतीत सुरी हे चुकीचे शस्त्र आहे. चमच्याच्या कडेने खरवडले की साल कागदासारखी निघते, वाकड्यातिकड्या खोबणीतही चमचा शिरतो आणि गर वाया जात नाही. आल्याचे दोरे मिक्सरच्या पात्यात गुंडाळू नयेत म्हणून ते आडवे, पातळ चकत्यांत कापावे.

पेस्ट कडवट होण्याची गोष्ट जरा खोलात जाण्यासारखी आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती फुटली की आतील अलीनेज हे विकर अलीन या द्रव्यावर काम करते आणि अलिसिन तयार होते. लसणाचा झणझणीत वास तो हाच. अलिसिन स्थिर राहत नाही, त्याचे पुढे इतर गंधकयुक्त पदार्थ होत जातात, आणि म्हणून ठेवलेल्या पेस्टची चव रोज थोडी बदलते. जितके बारीक वाटावे तितक्या जास्त पेशी फुटतात. तेव्हा गंधासारखी गुळगुळीत पेस्ट करण्याचा अट्टहास सोडून ती किंचित रवाळ ठेवावी, आणि मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवावा. पाकळीत हिरवा कोंब दिसला तर पाकळी उभी चिरून तो काढून टाकावा, कारण कोंब मुळातच कडू असतो. “अहो, एवढे बघत बसलात तर संध्याकाळ होईल,” असे आतून ऐकू येते. माझ्याकडून ऐकू जाते, की संध्याकाळ झाली तरी आमटी कडू होणार नाही.

वाटताना पाणी घालू नये. वरील मापाला एक चहाचा चमचा मीठ आणि चार चमचे तेल पुरते. पेस्ट दुसऱ्या दिवशी हिरवी-निळी झाली तर घाबरू नये; तो लसणातील गंधकयुक्त द्रव्ये आणि अमिनो आम्ले यांचा रंग असतो, अपायकारक नसतो. आंबूस वास, वर आलेले बुडबुडे किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र बरणीसह भावनाही रिकाम्या कराव्यात.

तेलाच्या थराखाली पेस्ट ओट्यावर आठवडाभर टिकते, असे ठामपणे सांगणारे एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांचा मान राखून त्यांचा सल्ला टाळावा. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि अशा बिनहवेच्या, उबदार जागी बोटुलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, ज्याचा वास किंवा चव कळेलच असे नाही. घरगुती पेस्टमधील चमचाभर मीठ त्यांना रोखण्यास पुरेसे नसते. म्हणून बरणी वाटल्याबरोबर फ्रीजमध्ये जावी, कोरड्या चमच्यानेच उघडली जावी आणि आठवड्यात संपावी.

उरलेली पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून गोठवावी आणि घट्ट झाल्यावर वड्या झाकणाच्या डब्यात काढाव्यात. त्या दोन-तीन महिने चांगल्या राहतात. एक वडी साधारण एका भाजीला पुरते, आणि ती न वितळवताच कढईत टाकता येते. मात्र तेल फार तापलेले असेल तर लसूण करपून पुन्हा कडूच होतो. हा ट्रे बर्फासाठी परत वापरू नये. लसणाच्या वासाचे कोकम सरबत पिऊन “छान झालंय” म्हणणारे पाहुणे जगात फार थोडे उरले आहेत.