बॅटरीचं पाणी दर आठवड्याला संपत असेल तर दोष उन्हाचा नाही

"उन्हाळ्यात गाडीच्या बॅटरीचं पाणी उन्हाने उडून जातं. दर रविवारी सहाही सेल तोंडापर्यंत भरा. डिस्टिल्ड वॉटर नसेल तर आरओचं पाणी चालतं. पाणी फारच खाली गेलं असेल तर थोडं अ‍ॅसिड टाका, करंट वाढतो. वरचा डोळा हिरवा असेल तर झाकणं उघडायची गरजच नाही. सर्व गाडीवाल्यांना पाठवा."

नाशिकच्या निम्म्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. तो ऐकून भरलेल्या बॅटऱ्या दुरुस्तीला येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे सगळं झाकणं उघडता येणाऱ्या बॅटरीबद्दल आहे. सीलबंद बॅटरीचं वरचं कव्हर पाना घालून उचकटू नका.

आधी पाणी जातं कुठे ते पाहू. उन्हाने वाफ होऊन जाणारं पाणी थोडं असतं. खरं पाणी जातं चार्जिंगमध्ये. बॅटरी भरत आली की उरलेला करंट पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो आणि ते वायू झाकणाच्या भोकातून बाहेर पडतात. उष्णतेचं काम इथे आहे: तापलेली बॅटरी तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते, म्हणून वायूही जास्त होतो. मे महिन्यात अंबडला कंपनीबाहेर दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी थेट मुंबईला काढली, तर आधीच तापलेली बॅटरी पुढे काही तास सतत चार्ज होत राहते. अशा गाडीचं पाणी हिवाळ्यापेक्षा लवकर कमी होणारच. महिन्यातून एकदा बघा. पण धडधाकट गाडीला दर रविवारी पाणी लागत नाही. लागत असेल तर आल्टरनेटर जास्त चार्ज करतोय आणि तुम्ही तो दोष पाण्याने झाकताय.

इंदिरानगरच्या एका टॅक्सीचं उदाहरण सांगतो. चालक नेमाने बाटली ओतायचा, तरी सकाळी स्टार्टर जड फिरायचा. टॉर्चने पाहिलं तर मधल्या दोन सेलमध्ये प्लेटांची वरची कड उघडी, कोरडी, पांढुरकी पडलेली. कडेच्या सेलमध्ये पाणी प्लेटांच्या जेमतेम वर. मधले सेल चहूबाजूंनी कोंडलेले असल्याने जास्त तापतात, म्हणून तिथे पाणी आधी उतरतं. गाडी दहा मिनिटं चालू ठेवली, रेस थोडी वाढवली आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला. 15.2 व्होल्ट. साध्या आल्टरनेटरला तिथे साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हे व्होल्टेज स्वतः वर-खाली करतो, त्यांना हा आकडा तसाच लावू नका. या टॅक्सीत मात्र आल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरच गेला होता. तो बदलल्याशिवाय कितीही पाणी घातलं असतं तरी ते उडतच राहिलं असतं.

प्लेटा उघड्या पडल्या की काय होतं ते नीट समजून घ्या. निगेटिव्ह प्लेटचं शिसं स्पंजासारखं सच्छिद्र असतं. हवा लागली की त्याचं ऑक्साइड होतं, उरलेल्या अ‍ॅसिडने त्यावर सल्फेट बसतं आणि तेवढा भाग बहुतेक कायमचा निकामी होतो. त्याच वेळी प्लेटांचा खालचा भाग दाट झालेल्या अ‍ॅसिडमध्ये बुडून राहतो आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी झिजते. पाणी उतरलेल्या सेलमध्ये वायूला जागाही जास्त मिळते, आत ठिणगी पडली तर बॅटरी फुटते. म्हणून आत पाहायला टॉर्चच वापरा, काडी किंवा लायटर कधीच नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

झाकण न उघडताही काही खुणा कळतात. पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यावर पाणी खालच्या रेषेखाली दिसतं. लांबच्या प्रवासानंतर डबा हाताला चटका देण्याइतका गरम लागतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर इंजिन बंद करून बॅटरी गार होऊ द्या, जवळ वाकू नका. सहाही सेल सारखे उतरत असतील तर संशय चार्जिंगवर घ्या. एकच सेल पुन्हापुन्हा रिकामा होत असेल तर बहुधा तो सेलच बिघडलाय, किंवा डब्याला तडा गेलाय.

अशी बॅटरी भरायची रीत मेसेजच्या बरोबर उलटी आहे. झाकणं उघडण्याआधी वरची धूळ पुसून घ्या. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. मग बॅटरी चार्ज करा, कारण चार्ज होताना पाणी फुगून वर येतं. चार्ज होऊन गार झाल्यावर वरच्या रेषेपर्यंत भरा. रेष नसेल तर प्लेटांच्या वर 10 ते 15 मिलिमीटर पाणी पुरे. ज्या बॅटरीच्या भोकाखाली नळी उतरलेली असते, तिच्यात पाणी नळीच्या तळाला टेकायच्या थोडं आधी थांबा. तोंडापर्यंत भरलेली बॅटरी तापली की पातळ अ‍ॅसिड भोकातून बाहेर येतं. टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर चढतो, ट्रे गंजतो, आणि गेलेलं अ‍ॅसिड पाण्याने भरून निघत नाही, बॅटरी तेवढी कायमची कमजोर होते. सांडलंच तर झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका.

अ‍ॅसिडचा सल्ला यातला सगळ्यात घातक. वायू होऊन गेलं ते पाणी, अ‍ॅसिड आतच आहे. उलट ते दाट झालंय. त्यात आणखी ओतलं तर अ‍ॅसिडचा दाटपणा मोजणाऱ्या ग्रॅव्हिटी मीटरला आकडा छान दिसतो आणि प्लेटा लवकर संपतात. त्या टॅक्सीच्या मधल्या सेलचा आकडा पाणी घालण्याआधी असाच फसवा, चढा आला असता. पाणी घालून, 35 अँपिअर-अवरच्या त्या बॅटरीला रात्रभर 3 अँपिअरने चार्ज करून सकाळी मोजलं तेव्हा खरं कळलं: कडेचे चार सेल 1.250, मधले दोन 1.190. सेलांमध्ये 0.050 पेक्षा जास्त फरक राहिला आणि पुन्हा चार्ज करूनही तो मिटला नाही, तर ते सेल परत येत नाहीत. रेग्युलेटर बदलला, आणि बॅटरीही बदलावीच लागली. पाणी घातल्या घातल्या मात्र ग्रॅव्हिटी मोजू नका. ताजं पाणी वरच तरंगतं आणि आकडा खोटा कमी येतो.

आरओमध्ये क्षार कमी होतात, शून्य होत नाहीत, आणि पिण्यासाठी चव यावी म्हणून बऱ्याच मशीन थोडे क्षार मुद्दाम ठेवतात. लोह आत गेलं तर उभी गाडी आपोआप डिस्चार्ज होते, क्लोराइडने प्लेटा खाल्ल्या जातात. उकळलेलं पाणी तर आणखी वाईट, पाणी आटतं आणि क्षार मागे राहतात. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं, तेही नको.

राहिला हिरवा डोळा, म्हणजे बॅटरीवरची चार्ज दाखवणारी छोटी गोल काच. तो फक्त ज्या सेलवर बसवलाय त्या एका सेलचं सांगतो. टॅक्सीत तो कडेच्या सेलवर होता आणि शेवटपर्यंत हिरवाच होता, कारण पाणी कमी झालं तरी दाट अ‍ॅसिडमध्ये डोळ्याखालची हिरवी गोळी तरंगत राहते. मधल्या दोन सेलच्या प्लेटा तेव्हा उघड्या पडल्या होत्या, आणि ते झाकण काढल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं.