तीन आहार, दोन प्रश्न: कॉन्ट्रास्टवरच्या आक्षेपांना उत्तर

> "अनोव्हात आधी एफ सिग्निफिकंट यायला हवा, नाही आला तर तिथंच थांबा. आला तर ट्युकी करा, तीच प्रामाणिक पद्धत. प्लॅन्ड कॉन्ट्रास्ट म्हणजे करेक्शन चुकवायची पळवाट."

अनोव्हा म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांत फरक आहे का हे तपासायची पद्धत आणि एफ हा तिचा आकडा. ट्युकी सगळ्या जोड्यांची तुलना करते, तर प्लॅन्ड कॉन्ट्रास्ट आधी ठरवलेल्या प्रश्नाचीच. करेक्शन म्हणजे अनेक कसोट्या केल्यानं वाढणाऱ्या खोट्या निकालांची भरपाई. वरच्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी एक हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. आकडे समजावण्यासाठी मीच घेतलेले आहेत. २४ जण, ८-८ चे तीन गट, १२ आठवडे. गट अ नेहमीचंच जेवतो. ब आणि क या दोघांचे उष्मांक सारखेच कमी केलेत, पण ब चे कर्बोदकांतून आणि क चे स्निग्ध पदार्थांतून. वजनातली सरासरी घट अशी: अ २.० किलो, ब ४.२, क ३.८. गटांच्या आतला एरर मीन स्क्वेअर ४.०, म्हणजे माणसामाणसांतला फरक साधारण २ किलोंचा. एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम २१.

गटांमधली वर्गबेरीज २१.९७ येते. तिला २ ने भागून, मग ४ ने भागलं की एफ = २.७५, पी ०.०८७. वरच्या नियमाप्रमाणे इथंच दुकान बंद. ट्युकी करून पाहिली तरी दोन सरासऱ्यांत निदान २.५२ किलोंचा फरक लागतो आणि आपला सर्वांत मोठा फरक २.२ चा आहे. तेही रिकामं.

पण हा प्रयोग मांडताना "तिघांत कुठंतरी काहीतरी फरक आहे का" असं कुणी विचारलं नव्हतं. गटांची रचना बघा, तिच्यात दोनच प्रश्न आहेत. उष्मांक कमी केल्यानं वजन उतरतं का? आणि ते कशातून कमी केले यानं काही फरक पडतो का? कॉन्ट्रास्ट म्हणजे असा प्रश्न आकड्यांत लिहिणं: अ, ब, क च्या सरासऱ्यांना कशानं गुणून बेरीज करायची ते. पहिल्याचे सहगुणक (−२, १, १), दुसऱ्याचे (०, १, −१). दोन्हींची बेरीज शून्य. एकमेकांशी गुणून बेरीज केली तरी ०+१−१, म्हणजे शून्यच. म्हणून ते ऑर्थोगोनल, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळत नाही.

पहिला कॉन्ट्रास्ट: −२×२.० + ४.२ + ३.८ = ४.०. याचा वर्ग १६, त्याला गटातल्या ८ माणसांनी गुणायचं आणि सहगुणकांच्या वर्गबेरजेनं, म्हणजे ६ नं, भागायचं: २१.३३. दुसरा: ४.२ − ३.८ = ०.४. त्याची वर्गबेरीज ८×०.१६÷२ = ०.६४. दोन्ही मिळवा, २१.९७ पुन्हा हातात येतं. काही सांडलं नाही, काही दोनदा मोजलं नाही.

आता पहिल्याचा एफ २१.३३÷४ = ५.३३, पी ०.०३१. दुसऱ्याचा ०.१६, म्हणजे ब आणि क यांच्यात सांगण्यासारखं काही दिसलं नाही. सगळी गोष्ट पहिल्या प्रश्नात होती. एकत्रित एफनं ती दुसऱ्या, जवळजवळ रिकाम्या प्रश्नाबरोबर सरासरीत घातली आणि ५.३३ चे २.७५ झाले.

आता एफचा दरवाजा, म्हणजे आधी एफ सिग्निफिकंट यायलाच हवा ही अट. एकत्रित एफ खरं तर सगळ्या शक्य कॉन्ट्रास्टना एकाच वेळी तपासतो, तुम्हाला ज्यांच्याशी घेणंदेणं नाही त्यांनाही. ज्याला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत त्यानं तेवढ्या सगळ्यांची किंमत का मोजावी? ट्युकीलाही या दरवाजाची गरज नाही. तिचा तक्ताच तीन सरासऱ्यांतला मोठ्यात मोठा फरक गृहीत धरून बनवलेला असतो, त्यामुळे ५ टक्क्यांची मर्यादा ती स्वतःच पाळते. आधी एफची अट घातली की ती विनाकारण आणखी कडक होते. ही अट फिशरच्या एलएसडीची, म्हणजे जोड्यांवर साध्या टी कसोट्या करायच्या पद्धतीची. तिथं ती खरोखर लागते, कारण एलएसडीत दुसरं संरक्षणच नाही. एका पद्धतीचं पथ्य सगळ्यांना लावलं गेलं आहे.

पळवाटीचा आरोप मात्र मी गांभीर्यानं घेतो, कारण पळवाट आहेच, पण ती वेगळ्या जागी आहे. समजा कुणी आधी काहीच ठरवलं नव्हतं. निकालात अ खाली आणि ब-क वर दिसले, आणि मग त्यानं (−२, १, १) लिहिलं. गणित तेच, ५.३३ तेच. पण आता हा कॉन्ट्रास्ट आकड्यांनी सुचवलेला आहे, म्हणून त्याला शेफेची कसोटी लागते, जी सगळ्या शक्य कॉन्ट्रास्टची किंमत धरते. तिची रेषा एफच्या ३.४७ ची दुप्पट, ६.९४. आधी ठरवला असता तर रेषा ४.३२ होती. ५.३३ बरोबर या दोहोंच्या मधे पडतो. निकाल बदलला तो प्रश्न कधी लिहिला यावर. म्हणून प्रयोगाच्या आराखड्यात, तारखेसकट, सहगुणक लिहिलेले असावेत. ते तिथं नसतील तर "आमचं आधीच ठरलं होतं" हे मी मान्य करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

आणखी एक गोष्ट कॉन्ट्रास्टच्या बाजूचे लोकही चुकवतात. ऑर्थोगोनल असणं म्हणजे करेक्शनमधून माफी नव्हे. दोन कसोट्या प्रत्येकी ५ टक्क्यांवर केल्या तर निदान एक खोटा निकाल मिळण्याची शक्यता १० टक्क्यांजवळ जाते. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र धरायची रीत जुनी आहे आणि दोनतीन प्रश्नांपुरती मला ती पटते. पण परीक्षकानं बॉनफेरोनी, म्हणजे ५ टक्क्यांना कसोट्यांच्या संख्येनं भागायची दुरुस्ती, मागितली तर रेषा ०.०२५ होते आणि आपला ०.०३१ पडतो. यावरचा सरळ उपाय म्हणजे क्रमही आधीच लिहायचा: उष्मांकाचा प्रश्न पहिला, तो पूर्ण ५ टक्क्यांवर, तो पास झाला तरच दुसरा.

ट्युकीची जागा मी नाकारत नाही. तिन्ही आहार सारख्याच दर्जाचे असते, कुठलीही जोडी महत्त्वाची ठरू शकली असती, तर मी तीच वापरली असती.

शेवटी, हे प्रत्यक्ष करताना कुठं घसरायला होतं ते. आर मधे एवढंच लागतं:

```r
d$aahar <- factor(d$aahar, levels = c("A","B","C"))
contrasts(d$aahar) <- cbind(c(-2,1,1), c(0,1,-1))
summary.lm(aov(ghat ~ aahar, data = d))
```

पहिली ओळ गाळू नका. गटांची नावं शब्दांत असतील तर तीच नावं levels मधे आपल्या क्रमानं लिहा, नाहीतर आर ती अकारविल्हे लावतो आणि −२ भलत्याच आहाराला चिकटतो. `aahar1` समोर ०.६६७ दिसेल, टी २.३१. ते ०.६६७ किलो नव्हेत. आर ४.० ला ६ ने भागून दाखवतो. खरा फरक ब-क च्या सरासरीतून अ वजा केला की मिळतो: ४.० − २.० = २ किलो, आणि त्याचा ९५ टक्के पल्ला ०.२ ते ३.८ किलो. अहवालात हा पल्ला जायला हवा, कारण खालचं टोक शून्याला किती जवळ आहे ते पीवरून कळत नाही.

आणि माणसं गळाली तर पुन्हा तपासा. क मधून तिघं सोडून गेले, ८ चे ५ उरले, की गुणाकारांना गटसंख्येनं भागून बेरीज करावी लागते: १/८ − १/५ = −०.०७५. शून्य नाही. दोन्ही प्रश्न तसेच विचारता येतात, त्यांची उत्तरंही वैध राहतात, फक्त ती आता एकमेकांत थोडी मिसळलेली असतात आणि दोन वर्गबेरजा मिळून एकूण बेरीज जुळत नाही.