सोडियमच्या दोन रेषा आणि सरकता आरसा

"सरकत्या आरशाचं यंत्र स्पेक्ट्रम मोजत नाही, कॉम्प्युटर तो अंदाजाने काढतो. आरसा हळू सरकवला की जवळच्या रेषा सुट्या होतात. नोंदी विरळ घेतल्या तर रेषा फक्त जाड दिसतात."

सरकत्या आरशाच्या यंत्राबद्दलची, म्हणजे फूरिए स्पेक्ट्रोमीटरबद्दलची, ही तिन्ही विधानं चुकीची आहेत. हे यंत्र प्रकाश दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र करतं, एका वाटेतला आरसा सरकवतं आणि उजेड कसा कमी-जास्त होतो त्याची नोंद घेतं. आधी अंदाजाचं बघू. बीएस्सीच्या लॅबमध्ये मायकेलसन इंटरफेरोमीटरवर सोडियमचा दिवा लावला असेल, तर आठवून बघा. मायक्रोमीटर फिरवत गेलं की पिवळी वलयं हळूहळू फिकी पडतात, जवळजवळ दिसेनाशी होतात आणि पुन्हा ठळक होतात. अशा दोन फिक्या जागांमध्ये आरसा 0.29 मिमी सरकलेला असतो. तो पिवळा प्रकाश 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींचा आहे. प्रत्येकीच्या फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचे पट्टे, वेगळ्या, आणि हजाराच्या आसपास फ्रिंज झाल्या की एक दुसरीच्या पूर्ण एका फ्रिंजने पुढे जाते. म्हणजे दोन्ही रेषा नोंदीतच आहेत, त्या फक्त सोडवून घ्यायच्या.

फूरिए रूपांतर तेवढंच करतं. एक तरंगलांबी घ्यायची, तिची कोसाइन लाट नोंदीशेजारी ठेवायची, जागोजागी गुणाकार करायचा आणि सगळं मिळवायचं. ती तरंगलांबी प्रकाशात असेल तर बेरीज वाढत जाते. नसेल तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्येक तरंगलांबीसाठी हेच केलं की स्पेक्ट्रम हातात येतो. मायकेलसन आणि स्ट्रॅटन यांनी 1898 मध्ये अशा 80 पदांच्या बेरजा स्प्रिंगा आणि तरफांच्या यंत्रावर केल्या होत्या, तेव्हा कुठला कॉम्प्युटर!

आता वेग. दोन्ही वाटा समान असतील तिथून आरसा 0.1 मिमीच सरकवला, तर वलयं पहिल्यांदा फिकी पडण्याआधीच (ते 0.145 मिमीला होतं) नोंद संपते. मग आरसा कितीही हळू न्या, सोडियमचा एकच उंचवटा दिसणार. रेषा सुट्या व्हायला आरसा साधारण 0.3 मिमी जायलाच हवा. हळू सरकवण्याचा फायदा एवढाच की जास्त प्रकाश गोळा होतो आणि नोंदीतला गोंगाट कमी होतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यातली चूक दिसून येत नाही. बऱ्याच यंत्रांत 632.8 नॅनोमीटरच्या लाल हेलियम-निऑन लेसरच्या फ्रिंज मोजपट्टीसारख्या वापरतात. लेसरच्या एका फ्रिंजमागे दोन नोंदी घेतल्या, तर सोडियमच्या आखूड लाटेला लाटेमागे दोन नोंदीही मिळत नाहीत. मग रेषा जाड होत नाही, ती जागाच सोडते: 589 ऐवजी सुमारे 683 नॅनोमीटरवर, अगदी सुबक आणि टोकदार उभी राहते. तिथे सोडियमची अशी रेषा नाहीच. शंका आली तर नोंदींमधलं अंतर बदलून पुन्हा मोजा. खरी रेषा हलत नाही, खोटी हलते. आणि आधीच टाळायचं असेल तर 632.8 च्या खालचा प्रकाश डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधी फिल्टरने अडवा. एकदा नोंद झाली की खोटी आणि खरी रेषा गणिताला वेगळी करता येत नाही.