माझं नाक आणि रिफायनरी

राजापूर तालुक्यात रिफायनरी येणार की नाही, हे अजून ठरायचंय. आमच्या पडवीत मात्र ती केव्हाच येऊन बसली आहे. नाणारचं भूसंपादन मार्च २०१९ मध्ये रद्द झालं तेव्हा वाटलं, सुटलो. मग बारसूचं नाव निघालं, एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, आणि आमचा सकाळचा दुसरा चहा कायमचा कडू झाला. मी विरोधात, बायको बाजूने, मधे किटली.

आवाज म्हणाल तर कधीच चढला नाही. आमच्याकडे ओरडून भांडणं म्हणजे अडाणीपणा. कोकणी माणूस हळू आवाजात तिरकं बोलतो आणि वर विचारतो, "राग आला की काय?" मला तर तेवढंही बोलावं लागत नाही. वडिलांकडून मला तीन गोष्टी मिळाल्या : हापूसची ऐंशी कलमं, उन्हाळ्यात आटणारी विहीर आणि नाक. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच या नाकातून एक "हुं" निघतो. पुढचं वाक्य तो माणूस सहसा बोलत नाही.

मे महिन्यात भाची आंबे खायला आली. ती पुण्यात जोडप्यांचं समुपदेशन करते. दोन सकाळी तिने नुसतं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, तुम्ही वाद घालतच नाही. तुम्ही मामीला खाली बसवता."

"ती खालीच बसलीय. पाटावर."

"हेच. हेच म्हणतेय मी."

मग आंब्याची कोय चोखत तिने मला गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात हा माणूस वर्षानुवर्षं नवराबायकोंना खोलीत बसवून त्यांच्या मतभेदाच्या विषयावर बोलायला लावायचा. कॅमेरे चालू, छातीचे ठोके मोजायला अंगाला तारा लावलेल्या. कोणाचं लग्न मोडेल याची सगळ्यात मोठी खूण म्हणून त्याला काय सापडलं? मतभेद नव्हे, भांडणही नव्हे. तुच्छता. "तुझा मुद्दा मला पटत नाही" हे चालतं. "तुला काय कळतंय त्यातलं" हे नाही, कारण त्यात बोलणारा एक पायरी वर जाऊन उभा राहतो. आणि त्यासाठी शब्दही लागत नाहीत. डोळे फिरवले, ओठाचं एकच टोक वर गेलं, की झालं.

"माझं ओठाचं टोक वगैरे काही जात नाही," मी म्हणालो.

तिने मोबाइल पुढे केला. आदल्या सकाळचा व्हिडिओ होता. त्यात मी नव्हतोच, वडील होते. तोच ओठ, तीच नाकपुडी. आई रोज पेपर वाचायची, पण तिचं मत म्हणून मी ऐकलं ते फक्त बांगड्यांच्या भावाबद्दल. ते का, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भाचीने नियम घालून दिला. रापोपोर्ट नावाच्या एका गणितज्ञाचा तो म्हणे. आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत आपल्या तोंडाने सांगायचं, आणि समोरचा "होय, हेच" म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलायचं नाही. सोपं वाटलं.

"तुझं म्हणणं असं," मी सुरू केलं, "की चार दिडक्यांसाठी सगळा सडा कंपनीला देऊन टाकावा."

"नाही."

"बरं. तुझं म्हणणं असं की विकास झाला पाहिजे, मग आंबा गेला तरी चालेल."

"हे तुमचं म्हणणं आहे. माझ्या तोंडी घातलेलं."

"मग काय तुझं म्हणणं? हुं!"

बायको उठली आणि कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, एक उभी रेघ मारून आली. माझं डोकं तापलं. मनगटावर बोटं धरून भाची म्हणाली, "शंभराच्या वर गेलेत ठोके. आता तुम्हाला काही ऐकू येणार नाही. निदान वीस मिनिटं उठून जा." गॉटमनने म्हणे एकदा यंत्र बिघडल्याची थाप मारून भांडणारी जोडपी मधेच थांबवली आणि त्यांना मासिकं वाचत बसवलं. पुन्हा बोलायला बसली तेव्हा तीच माणसं शहाण्यासारखी बोलायला लागली.

मी आगरात जाऊन पोफळींना पाणी लावलं. वीस नाही, चांगली चाळीस मिनिटं. आणि त्या चाळीस मिनिटांत बायकोला निरुत्तर करतील अशी सहा वाक्यं घासूनपुसून तयार केली. परत आलो तेव्हा ठोके होते तसेच. भाची म्हणाली, मनातल्या मनात भांडत राहिलं तर ती सुट्टी धरत नाहीत. शरीराला वाटतं, अजून चालूच आहे. दुसऱ्या खेपेला मी पोफळीखाली पडलेल्या सुपाऱ्या मोजल्या. एकशे बारा भरल्या. त्यात रिफायनरीला जागाच उरली नाही.

परत आलो आणि प्रथमच विचारलं, "तुला हा प्रकल्प का हवा?" शेवटी नाक वाजलं नाही, म्हणून असेल, ती बोलली. आमच्या वाडीत अकरा घरं. त्यांतल्या सातांना कुलूप, ते उघडतं गणपतीत आणि शिमग्याला. तिचा भाऊ भांडुपला दहा बाय बाराच्या खोलीत संसार करतो, आणि इथे त्याच्या चौपाखी घराच्या पडवीत वाळवी लागलीय. आमचा मुलगाही उद्या जाणार. "कंपनी चांगली आहे असं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "मला इथे एक नोकरी हवीय. दुसरं कोणी देत असेल तर त्याला हो म्हणेन."

हे सगळं मी तिला परत सांगितलं. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "होय, हेच."

मग तिची पाळी. तिला एकच प्रयत्न पुरला. "तुम्हाला धुराची भीती आहे, मोहोराची आहे. पण खरं म्हणजे त्या ऐंशी कलमांतली निम्मी मामंजींनी स्वतः बांधली, आणि ती तुमच्या हातून गेली असं व्हायला नकोय तुम्हाला." हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "होय, हेच" म्हणताना माझा आवाज जरा गेला. तो आंब्याचा चीक असेल.

मत कोणाचंच बदललं नाही. मी विरोधात, ती बाजूने.

भाची पुण्याला गेली आणि आठ दिवसांत मी माती खाल्ली. शेजारचे आबा ओटीवर आले होते. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "या, आमच्या रिफायनरीबाई आल्या." आबा पोट धरून हसले. बायकोही हसली, पण कप ठेवताना बशीत चहा सांडला, आणि तिच्या हातून चहा कधी सांडत नाही. चारचौघांत ठेवलेलं टोपणनाव हे शंभर "हुं"च्या तोडीचं. तिला एकटीला आत जाऊन "चुकलं" म्हणणं सोपं होतं, पण हसले आबा होते. म्हणून संध्याकाळी आबांना परत बोलावलं आणि तिच्यासमोर म्हणालो, "सकाळी मी हिची थट्टा केली, ते बरं केलं नाही. हिचं म्हणणं वेगळं आहे." आणि सात कुलुपांचं सगळं सांगितलं. आबा गप्प झाले. त्या सातांतलं एक त्यांच्या मुलाचं.

आता कालनिर्णयावर रेघा कमी झाल्यात. जूनमध्ये चार, जुलैमध्ये तीन, त्यातली एक सर्दीची होती असा माझा दावा आहे. परवा सकाळी तिने पेपर उघडला आणि मोठ्याने बातमी वाचली : मुंबई-गोवा महामार्ग यंदा गणपतीआधी पूर्ण होणार.

दोघांचीही नाकं एकदम वाजली.

मी कालनिर्णयाकडे बघितलं. ती चहा ओतत म्हणाली, "ही नाही मोजायची."