कार्ड बंद केलं म्हणून सबस्क्रिप्शन सुटत नाही

"सावधान! कार्डवर सबस्क्रिप्शन असेल आणि त्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर कंपनी दिवसभर कार्ड घासत राहते. प्रत्येक वेळी बँक दंड कापते, सिबिल पडतो, तीनदा फेल झालं की कार्डच ब्लॉक होतं आणि कंपनी त्याच रात्री अकाउंट पुसून टाकते. एकच उपाय, कार्ड बंद करून नवीन घ्या. सबस्क्रिप्शन आपोआप संपतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी, मिरजेतली काही दुकानं, विश्रामबागेतली क्लिनिकं यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत वसुलीचं काम माझ्याकडे आहे. हा मेसेज फिरायला लागल्यापासून फोन वाढलेत. काहींनी तर सांगितलेला उपाय करूनही टाकलाय, आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी परत परत होणाऱ्या प्रयत्नांचं बघू. यार्डातल्या एका अडत्याचंच उदाहरण घ्या. वर्गणी हजार रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 1,180 रुपये, तारीख 7. 6 तारखेला त्यांना बँकेचा एसएमएस आला: उद्या एवढे रुपये अमुक कंपनीकडे जातील, नको असेल तर इथून थांबवा. हा एसएमएस कंपनीच्या मर्जीवर नाही. कार्डावरच्या अशा आवर्ती व्यवहारांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने कळवलंच पाहिजे आणि नकार द्यायची सोयही ठेवली पाहिजे. आपल्याकडे हे एसएमएस कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

7 तारखेला खात्यात होते 640 रुपये. बँकेने नकार दिला आणि सोबत 51 हा कोड पाठवला. अर्थ एवढाच की शिल्लक अपुरी आहे. रेझरपेसारख्या गेटवेवर, म्हणजे कंपनीच्या वतीने बँकेकडे पैसे मागणाऱ्या सेवेवर, अशा वेळी त्या सबस्क्रिप्शनपुढे `pending` दिसायला लागतं आणि गेटवे पुढचे तीन दिवस रोज एकदा परत विचारतो. 8 ला नकार आला. 9 ला सकाळीच प्रयत्न होऊन गेला आणि अडत्यांनी पैसे भरले दुपारी, त्यामुळे तोही वाया गेला. 10 तारखेला 1,180 रुपये निघाले आणि प्रकरण मिटलं. म्हणजे चार दिवसांत चार प्रयत्न. दिवसभर कार्ड घासून कुणाचाच फायदा नाही, कारण सकाळी नसलेले पैसे तासाभरात उगवत नाहीत. पगार, उधारीची वसुली, हप्ता जमा होणं या गोष्टींना दिवस लागतात, म्हणून प्रयत्नही दिवसांच्या अंतराने ठेवतात.

शिवाय कितीही वेळा विचारायची मोकळीकही नाही. व्हिसा या कार्ड नेटवर्कच्या नियमात नाकारलेला व्यवहार 30 दिवसांत 15 पेक्षा जास्त वेळा परत पाठवता येत नाही, आणि काही कोड असे आहेत की ते आल्यावर पुन्हा पाठवायचाच नाही. चोरीला गेलेलं कार्ड हा तसला कोड. मर्यादा ओलांडली तर भुर्दंड व्यापाऱ्याच्या बाजूला पडतो, ग्राहकाच्या नाही. त्यामुळे आमच्यासारख्या कंपन्यांना नकाराचं कारण बघूनच चालावं लागतं. 51 असेल तर थांबून विचारायचं. मुदत संपलेलं कार्ड असेल, म्हणजे 54, तर रोज विचारण्यात अर्थ नाही, ग्राहकाला फोन करून नवीन कार्ड जोडायला सांगायचं. सगळ्यात वैताग 05 चा. बँक नुसतं नाही म्हणते, का ते सांगत नाही. त्याचं कारण ग्राहकानेच बँकेला विचारावं लागतं, आम्हाला बँक काही सांगत नाही.

दंड आणि सिबिल यांची भीती मला समजते, कारण ती दुसऱ्या ठिकाणाहून आलेली आहे. कर्जाचा हप्ता खात्यातून एनएसीएच या आपोआप वसुलीच्या व्यवस्थेमार्फत जातो. तो परतला तर बँक आणि कर्ज देणारा दोघेही शुल्क लावतात, आणि हप्ता चुकल्याची नोंद सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोकडे जाते. ट्रॅक्टरचा हप्ता असा परतलेला माणूस प्रत्येक गावात आहे. पण ओटीटीची किंवा सॉफ्टवेअरची वर्गणी हे कर्ज नाही, आणि ती विकणारी कंपनी ब्युरोला माहिती देणारी वित्तसंस्था नाही. कार्डाने नकार दिला म्हणून सिबिलचे गुण कमी होत नाहीत. उलट क्रेडिट कार्डावर वर्गणी निघाली आणि नंतर कार्डाचं बिल थकलं, तर तिथे गुण नक्की पडतो.

दंडाच्या बाबतीत मात्र मेसेज अगदीच हवेतला नाही. शिल्लक नसताना एटीएमवर किंवा दुकानातल्या मशीनवर डेबिट कार्ड नाकारलं गेलं तर शुल्क लावणाऱ्या बँका आहेत. आवर्ती व्यवहाराला तुमची बँक असं काही लावते का, हे तिच्या शुल्कपत्रकात मिळेल. एकदा उघडून बघा आणि विषय संपवा.

कार्ड ब्लॉक होण्याचं तर साफ चूक. तीनदा चुकीचा पिन टाकला की कार्ड अडकतं, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तोच अनुभव इथे चिकटवलेला आहे. आवर्ती व्यवहारात पिन जातच नाही. कंपनीकडे तुमचा कार्ड नंबरही नसतो. ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्याने तो साठवायचा नाही असा नियम आहे, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या नंबराच्या जागी वापरायचा पर्यायी क्रमांक असतो. शिल्लक कमी पडणं आणि ओळख चुकणं या बँकेच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मुदत आणि कुलूप. यात लोक तीन वेगवेगळ्या अवस्था एकच समजतात. पहिली सवलतीची मुदत: पैसे आलेले नाहीत, पण सगळं चालू आहे. आमच्याकडे ती सात दिवसांची आहे, म्हणून त्या अडत्यांना 7 ते 10 काहीच जाणवलं नाही, पावत्या नेहमीसारख्या निघत होत्या. ते दिवस फुकटही नव्हते. 10 ला पैसे आले तरी पावतीवर काळ 7 तारखेपासूनचाच पडला आणि पुढची तारीखही 7 च राहिली.

दुसरी अवस्था कुलपाची. 10 चा प्रयत्नही फसला असता तर गेटवेवर `halted` दिसलं असतं. म्हणजे त्या बिलासाठी आपोआप विचारणं बंद, आता लिंक उघडून स्वतः भरायचं किंवा कार्ड बदलायचं. मुदत संपल्यावर आम्ही नवीन पावती करणं अडवतो. जुनी खाती बघता येतात, छापताही येतात. हंगामात बेदाण्याचे सौदे चालू असताना नवीन पावती न निघणं ही काही छोटी अडचण नाही, पण माहिती जागच्या जागी असते. पैसे भरले की कुलूप निघतं. पुसण्याची पाळी येते तिसऱ्या अवस्थेत, सबस्क्रिप्शन रद्द झाल्यावर, आणि किती दिवसांनी ते प्रत्येक कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. आमच्या अटींत 90 दिवस आहेत आणि आधी दोनदा कळवतो.

मोबाइलवरच्या ॲपचंही असंच आहे. ॲपल ॲप बनवणाऱ्याला 3, 16 किंवा 28 दिवसांची सवलत निवडू देतं आणि स्वतः 60 दिवसांपर्यंत वसुलीचा प्रयत्न करत राहतं. गूगल प्लेवर सवलतीत पैसे आले तर तारीख तीच राहते, पण खातं रोखल्यानंतर भरले तर भरल्याच्या दिवसापासून नवी तारीख धरतात. म्हणून "माझी तारीख बदलली कशी" असा प्रश्न पडला तर पैसे कुठल्या टप्प्यावर गेले ते आधी बघा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पैसे असूनही पेमेंट फेल होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. ओटीपीशिवाय आपोआप जाणाऱ्या रकमेला मर्यादा आहे. जून 2022 पासून ती 15,000 रुपये आहे. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना एक लाखापर्यंत सूट आहे, सॉफ्टवेअरला नाही. आमची मोठी वार्षिक योजना 15,000 ची. जीएसटी धरून ती 17,700 होते. खात्यात लाखभर असले तरी ही रक्कम आपोआप निघणार नाही, ओटीपी द्यावाच लागेल. "पैसे आहेत की ओ, मग फेल कसं झालं?" असा फोन आला की मी आधी रक्कम विचारतो. इथे कितीही वेळा परत प्रयत्न झाला तरी उपयोग शून्य.

आता त्या रामबाण उपायाकडे. कार्ड बंद केल्यावर पैसे निघणं थांबतं, एवढं खरं. नवीन कार्ड आल्यावर जुन्या व्यापाऱ्यांशी ते जोडायचं का, यासाठी बँकेने तुमची स्पष्ट संमती घ्यायची असते, त्यामुळे कार्ड गुपचूप जोडलं जाईल ही भीतीही नको. पण सबस्क्रिप्शन हा तुमचा आणि कंपनीचा व्यवहार आहे, आणि कंपनीला तुम्ही काहीच कळवलेलं नाही. तिच्या वहीत तुमचं नाव चालूच आहे, त्यापुढे फक्त थकबाकी लिहिली गेली. `halted` अवस्थेतही दर महिन्याचं बिल तयार होत राहतं, फक्त वसूल होत नाही. वर्षाचा करार मासिक हप्त्यांत घेतला असेल तर कंपनी ते मागूही शकते. आणि त्याच कार्डावर विम्याचा हप्ता, वीजबिल असं काही लावलेलं असेल तर तेही सोबत कोसळतं. मिरजेच्या एका दुकानदाराने आमचे 1,180 वाचवायला कार्ड बंद केलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानाचं इंटरनेट बंद पडलं, कारण तेही त्याच कार्डावर होतं.

सोडायचंच असेल तर आधी ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा. मग बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात आवर्ती व्यवहारांची यादी असते, काही ठिकाणी तिला ई-मँडेट म्हणतात. तिथे त्या कंपनीच्या नावापुढचं मँडेट रद्द करा. ओटीपी येईल. यादी सापडली नाही तर पुढच्या वेळी येणाऱ्या आगाऊ एसएमएसमध्ये थांबवण्याची सोय असतेच, फक्त तो एसएमएस आल्यापासून 24 तासांच्या आत उघडला पाहिजे. रद्द करण्याआधी आपला हिशेब एक्सेलमध्ये उतरवून घ्या. आमच्याकडे ते बटण कुलूप लागल्यावरही चालतं, सगळीकडे चालेलच असं नाही.