‘मे महिना कुठून आला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात इथे एका मच्छीमार पोराची कथा टाकली होती. पतसंस्थेतून काढलेलं कर्ज कोणत्या महिन्यात फिटेल याचा हिशेब तो कॅलेंडरच्या पानामागे मांडतो आणि उत्तर येतं मे. त्या कथेवर आलेली प्रतिक्रिया:

“कथा वाचली. भाषा छान, पण गणित कच्चं. मी बँकेत नोकरी केलेली आहे म्हणून सांगतो. 1,20,000 रुपये, 12 टक्के, महिना 5,000 म्हणजे 28 हप्ते. सप्टेंबरपासून मोजा, तिसऱ्या डिसेंबरात कर्ज संपतं. मे महिना कुठून आला? शिवाय एप्रिलअखेर जेमतेम नऊशे रुपये उरलेले असताना कुणीही ते तेव्हाच भरून मोकळा होईल, हा मेपर्यंत थांबतो हे पटत नाही. आई नुसती शोभेला आहे. आणि जूनमध्ये होडी कोण शाकारतं? लेखकांनी लिहिण्याआधी निदान कॅल्क्युलेटर वापरावा.”

नमस्कार साहेब. आधी शेवटच्या वाक्याबद्दल बोलू, कारण तुम्हीही ते बहुतेक सगळ्यात आवडीने लिहिलं असावं. चूक दाखवायची एक रीत असते. “मला हिशेब जुळला नाही, कसा केलात?” असं विचारलं असतंत तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं. तुम्ही मात्र आधी नोकरी सांगितलीत, मग निकाल दिलात आणि जाताजाता समस्त लेखकांना शिकवणीही दिलीत. या ब्लॉगवर टीका होते, मी ती काढून टाकत नाही, तुमचीही काढलेली नाही. पण ‘गणित कच्चं’ हे शब्द ज्याच्या घरी व्याजाच्या आकड्यांवरून भांडणं झालेली आहेत त्याला लागतात. ते असो.

तर मे महिना कुठून आला? समुद्रातून आला. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. नुसत्या वल्ह्या-शिडाच्या होडीला ती बंदी लागू नसते, पण माझ्या नायकाने कर्ज काढलंय तेच मुळी इंजिनासाठी आणि जाळ्यांसाठी. त्यामुळे त्या दोन महिन्यांत हर्णैच्या लिलावात त्याची टोपली नाही, घरात पैसा नाही आणि संस्थेत हप्ता नाही. कथेत हे दुसऱ्याच परिच्छेदात आहे: संस्थेच्या मॅनेजरने जून-जुलैचा हप्ता माफ केलेला नाही, फक्त मागायचा नाही असं ठरवलंय. व्याज चालू. तुमच्या कॅल्क्युलेटरला हे माहीत नसतं. त्याच्या लेखी दर महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी पगार करतं.

आता तो पोरगा कॅलेंडरच्या पानामागे काय लिहितो ते सावकाश पाहू, कारण तुम्ही तो भाग बहुधा भराभर वाचलात. वर्षाला बारा टक्के म्हणजे महिन्याला एक. एक टक्का काढायला त्याला यंत्र लागत नाही, मागची दोन शून्यं झाकली की झालं. 1,20,000 चं पहिल्या महिन्याचं व्याज 1,200. पाच हजार भरले, त्यातले 3,800 मुद्दलात गेले, उरले 1,16,200. पुढच्या महिन्याचं व्याज 1,162, म्हणजे मुद्दलात 3,838. असं करत पहिल्या मेअखेर त्याच्याकडे 84,400 रुपये बाकी राहतात. इथपर्यंत तुमचा आणि त्याचा हिशेब एकच आहे.

जूनसमोर तो रेघ मारतो. हप्ता नाही, पण 844 व्याज चढतं. जुलैसमोर पुन्हा रेघ, पुन्हा 852. जुलैअखेर बाकी 86,096. ऑगस्टात होडी पाण्यात गेली, महिनाअखेर हप्ता भरला, तरी बाकी 81,957. म्हणजे तीन महिने गेले, पाच हजार मोजले आणि मेपासून कर्ज उतरलं अडीच हजारांनीही नाही. कथेत तो इथे पेन खाली ठेवतो आणि उठून अंगणात जातो. एका वाचकाने विचारलं होतं, तो का उठतो? म्हणून उठतो.

तुमचे 28 हप्ते खोटे नाहीत. बिनखंडाचे भरले तर अठ्ठाविसावा हप्ता पुरा पाच हजारांचा नसून 2,909 रुपयांचाच लागतो. म्हणजे त्यात 2,091 रुपयांची सवड आहे. दोन पावसाळ्यांचे चार महिने हप्त्याविना गेले की अठ्ठाविसावा हप्ता डिसेंबरातून सरकून तिसऱ्या एप्रिलात येतो. नुसत्या हप्त्यांच्या मोजणीने कर्ज तिथे संपायला हवं. पण त्या खंडांमुळे एकूण व्याज तीन हजारांनी जास्त चढलेलं असतं. 2,091 ची सवड त्याला पुरत नाही. नऊशे रुपये बाहेर सांडतात आणि एकोणतिसावा हप्ता जन्माला येतो, तो पडतो मे महिन्यात. संस्था व्याज दिवसांवर मोजते की महिन्यावर यावरून थोडेफार रुपये इकडेतिकडे होतील, महिना बदलणार नाही. एकूण भरले 1,40,909, त्यातलं व्याज 20,909. हवं तर तुमच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून तपासून घ्या.

आणि याच आकड्यात कथेचा जीव आहे, जो तुम्हाला दिसला नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. पहिल्याच महिन्यात, गणपतीच्या गडबडीत, त्याने पाच हजारांवर आणखी 661 रुपये भरले असते तर एप्रिलात सुटला असता. शेवटी नऊशे झालेली रक्कम सुरुवातीला 661च होती. एकतीस महिने दर महिन्याला टक्का टक्का चढून ती नऊशे झाली. हे त्याला कळतं, पण त्या सप्टेंबरात त्याने मखराला आणि बहिणीच्या घरी शिधा न्यायला किती खर्च केला हे आठवून तो आकडा खोडतो. खोडलेला आकडा कथेत मी मुद्दाम वाचता येईल असा ठेवलाय.

तुम्ही बँकेत होतात, चांगलंच आहे. मीही दापोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसून पासबुकं भरलेली आहेत, आणि त्याआधी वडिलांचं पासबुक वाचलेलं आहे. वडिलांनी जाळ्यांसाठी दुसऱ्याच एका संस्थेतून कर्ज घेतलं होतं. तिथल्या लोकांनी तोंडी सांगितलं होतं, “महिना एक टक्का, काका, काही जड नाही.” वडील माझ्या नायकासारखेच मोजत बसायचे आणि त्यांचा महिना कधीच जुळायचा नाही. मी नोकरीला लागल्यावर एका रविवारी ते पासबुक उघडलं. व्याजाच्या रकान्यात दर महिन्याला तोच आकडा होता. पहिल्या महिन्याला जो, तोच दहाव्याला. म्हणजे व्याज उरलेल्या बाकीवर नव्हतं, मूळ रकमेवर होतं, अगदी शेवटच्या हप्त्यापर्यंत. फ्लॅट दर म्हणतात त्याला. माझ्या नायकाच्या कर्जावर हाच दर लावला असता तर पावसाळे सोडा, नुसत्या 28 महिन्यांचं व्याज 33,600 झालं असतं. घटत्या बाकीवर तेवढ्याच महिन्यांचं होतं 17,909. दोन्हींना काउंटरवर ‘बारा टक्के’च म्हणतात. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “सही माझीच हाय ना?” आणि जाळं विणायला बसले. तेव्हा मला कॅल्क्युलेटर दाखवताना जरा जपून.

म्हणूनच माझ्या कथेत पोरगा पहिला हप्ता भरून दुसऱ्या महिन्याला संस्थेत जातो आणि पासबुकात आधी व्याजाचा रकाना बघतो. 1,162 दिसल्यावर तो हसतो. एका वाचक ताईंनी ‘इथे तो का हसला?’ असं विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर. 1,200 दिसले असते तर कथा तिथेच संपवावी लागली असती, किंवा वेगळीच कथा झाली असती.

दंडव्याजाचं मात्र तुम्ही काढायला हवं होतंत, बँकेतल्या माणसाकडून माझी ती अपेक्षा होती. मॅनेजर ऐकणारा नसता तर जूनचा न भरलेला हप्ता थकबाकीत गेला असता, त्यावर वेगळा दंड बसला असता आणि मग तो मे महिनाही टिकला नसता. समुद्रावरच्या माणसाचं कर्जमुक्तीचं वर्ष पुष्कळदा तिथेच हुकतं. कर्ज घेताना पावसाळ्याच्या हप्त्यांचं कागदावर लिहून घेतलेलं नसतं, नुसतं तोंडी असतं, आणि मॅनेजर बदलला की तोंडाला किंमत राहत नाही. माझ्या नायकाने ते लिहून घेतलंय. तुम्ही ते वाक्य ‘उगाच तपशील’ म्हणून ओलांडलं असणार.

राहता राहिलं बाकीचं. शाकारणीचं मान्य. होडी मेअखेरीलाच वर ओढून झापांनी शाकारतात, जूनचा पहिला आठवडा म्हणजे उशीरच. तेवढं वाक्य मी दुरुस्त केलंय, बघून घ्या. बरोबर असेल ते मी मानतो.

नऊशे रुपये एप्रिलातच का भरले नाहीत, हे कथेत आहे. पुन्हा वाचा. सगळंच कंसात समजावून सांगायला मी पासबुक लिहीत नाही.

आई शोभेला आहे की नाही हा ज्याच्या त्याच्या आईचा प्रश्न आहे.

आणि जून-जुलैसमोर रेघ मारू देणारा कॅल्क्युलेटर तुमच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. वापरीन.